‘वाजवी विनंती’ नावाचे कुलूप

१ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना लागू झाली आणि केंद्र व राज्य सरकारांच्या शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांपुढे ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके उघडली. भिलाईच्या रिसालीत राहणारी आणि दुर्गच्या एखाद्या शासकीय महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकणारी विद्यार्थिनी आज असा शोधनिबंध वाचू शकते, ज्याच्या दारात कालपर्यंत डॉलरमध्ये किंमत लिहिलेली असे. समजा, तिने खगोलभौतिकीचा एक निबंध उघडला. प्रस्तावना वाचली, आलेख पाहिले, निष्कर्ष तपासून पाहावासा वाटला. संदर्भसूचीच्या जरा आधी तिला एक छोटासा परिच्छेद सापडतो: या निबंधामागील डेटा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाकडे वाजवी विनंती केल्यास उपलब्ध करून दिला जाईल.

दार उघडले, आतल्या कपाटाला मात्र कुलूप तसेच आहे. शिवाय या कुलपावर ‘उघडे आहे’ अशी चिठ्ठी लावलेली आहे, आणि आक्षेप आहे तो त्या चिठ्ठीला. डेटा न देण्याची शंभर रास्त कारणे असू शकतात. ते कारण न सांगता देण्याचा आव आणणे मात्र रास्त नाही.

त्या वाक्यात काय सांगितले आहे ते पाहावे. कोणता डेटा, हे त्यात नाही. दुर्बिणीतून आलेली मूळ नोंद, की शुद्ध केलेली नोंद, की केवळ आलेखातले बिंदू? विनंती वाजवी आहे हे कोण ठरवणार, किती दिवसांत, कोणत्या निकषावर? लेखक संस्था सोडून गेला, त्याचा ईमेल पत्ता बंद झाला, तर काय? आणि ज्या कोडने तो आलेख काढला त्याचे काय? हे वाक्य यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर देत नाही, आणि म्हणूनच ते इतके लोकप्रिय आहे. लेखकाला त्याने काहीच कबूल करावे लागत नाही आणि संपादकाच्या यादीतली चौकट मात्र भरली जाते.

या वाक्याची परीक्षा झालेली आहे. २०२२ साली क्रोएशियातील संशोधकांनी एका मोठ्या प्रकाशकाच्या वैद्यकीय व जैविक नियतकालिकांतील असे १७९२ निबंध निवडले, ज्यांच्या लेखकांनी डेटा देण्याची तयारी लेखी दाखवली होती. त्या लेखकांना त्यांनी पत्रे पाठवली. प्रत्यक्ष डेटा देणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम ७ टक्के निघाले. उरलेल्यांतील बहुतेकांनी उत्तरच दिले नाही. हे सगळे लबाड होते असे मानण्याचे कारण नाही. कुणाचा पीएचडीचा विद्यार्थी निघून गेला असेल, कुणाची डिस्क बंद पडली असेल, कुणाला आपल्याच फाइलींची नावे आता उमगत नसतील. पण वाचकाच्या दृष्टीने लबाडी आणि विस्मरण यांचा परिणाम एकच असतो.

भौतिकशास्त्राची मंडळी यावर म्हणतील, ही जीववैद्यकाची दुखणी आहेत, आमच्याकडे अर्काइव्ह आहेत. हे अर्धे खरे आहे. ते किती खरे आणि किती अपुरे, हे तपासायला महाराष्ट्रातच एक उत्तम उदाहरण आहे.

पुण्याच्या उत्तरेला नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते. येथील नियम साधा आहे. ज्याने निरीक्षणाचा प्रस्ताव दिला त्याचा डेटावर १८ महिने एकट्याचा हक्क. त्यानंतर ती मूळ नोंद केंद्राच्या ऑनलाइन अर्काइव्हमधून, नाव नोंदवलेल्या कुणालाही मागता येते. म्हणजे बंधन आहे, पण त्याला मुदत आहे, आणि मुदत संपल्याचा निर्णय लेखकाच्या मर्जीवर नाही.

या नियमाने काय घडले ते पाहण्यासारखे आहे. २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचे एक मोठे सर्वेक्षण केले. त्याचे नाव टीजीएसएस. ते आखणाऱ्या भारतीय चमूने त्यातील काही भागाचे नकाशे प्रसिद्ध केले, पण सगळ्या आकाशाचे काम मागे राहिले. मूळ नोंदी मात्र अर्काइव्हमध्ये होत्या. हुइब इंटेमा या डच खगोलशास्त्रज्ञाने आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी त्या घेतल्या, ‘स्पॅम’ नावाच्या आपल्या प्रणालीतून पहिल्यापासून पुन्हा चालवल्या, आणि २०१७ साली सुमारे ३६,९०० चौरस अंशांचा, म्हणजे जवळजवळ ९० टक्के आकाशाचा नकाशा व ६ लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची यादी जगापुढे ठेवली. निरीक्षणे एकाची, नकाशा दुसऱ्याचा. दोघांनाही श्रेय मिळाले आणि कुणाचेही काही चोरीला गेले नाही.

गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भागच अधिक मोलाचा आहे. नकाशे व यादी दोन्ही खुली असल्याने त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील नताशा हर्ली-वॉकर यांनी त्या तीव्रता तेथील ‘ग्लीम’ सर्वेक्षणाशी ताडून पाहिल्या. आकाशाच्या काही भागांत टीजीएसएसची तीव्रतेची मोजपट्टी सरकलेली आढळली, आणि एका मोठ्या भागासाठी त्यांनी दुरुस्त केलेली यादी प्रसिद्ध केली. पुढे काहींना या यादीत मोठ्या कोनीय अंतरांवर स्रोतांची वाटणी अपेक्षेपेक्षा अधिक असमान दिसली. तेव्हा ही विश्वाची गंमत आहे की मोजपट्टीचा दोष, हा प्रश्न लगेच विचारता आला. यादी ‘वाजवी विनंती’च्या कुलपात असती, तर तो दोष आजही कुणाच्या तरी सुंदर निष्कर्षात शांतपणे बसलेला असता.

आता उरलेला अर्धा भाग. या यशाकडे बोट दाखवून जीएमआरटी वापरणारे अनेक लेखक निवेदनात एक ओळ लिहितात: मूळ डेटा जीएमआरटीच्या अर्काइव्हमध्ये उपलब्ध आहे. विधान खरे आहे. पण निबंधातला आलेख त्या मूळ नोंदीतून थेट निघत नाही. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीने, प्रत्येक वारंवारता-पट्टीत, दर काही सेकंदांनी नोंदवलेली संख्या त्या फाइलीत असते. फाइल दुर्बिणीच्या स्वतःच्या ‘एलटीए’ रूपात असेल, तर ती `listscan` आणि `gvfits` या आज्ञावलींनी बदलून घ्यावी लागते. मग मोबाइलचे मनोरे, वीजवाहिन्या, उपग्रह यांचा गोंगाट कापायचा. ३सी २८६ किंवा ३सी ४८ सारख्या ज्ञात तीव्रतेच्या स्रोतावर मोजपट्टी लावायची. प्रतिमा काढायची, तिच्यावरून पुन्हा शोधन करायचे, अँटेनाच्या दृष्टिक्षेत्राच्या कडेला होणारी घट भरून काढायची. यांतील प्रत्येक पायरीवर माणूस निर्णय घेतो.

रिसालीतली ती विद्यार्थिनी आता हेच करून पाहते असे धरू. निबंधाचा दावा असा की एका स्रोताचा वर्णपट-निर्देशांक −०.९ आहे, म्हणजे तो नेहमीच्या −०.७ हून अधिक वेगाने मंदावतो, आणि म्हणून त्यातील इलेक्ट्रॉन जुने आहेत. हा निर्देशांक ४०० व ६५० मेगाहर्ट्झ या दोन मोजमापांवरून काढला आहे. सूत्र शाळकरी आहे: दोन तीव्रतांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम भागिले दोन वारंवारतांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम. ६५० भागिले ४०० म्हणजे १.६२५ आणि त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.४९. आता ६५० मेगाहर्ट्झची तीव्रता १० टक्क्यांनी चुकली, तर अंशस्थानी सुमारे ०.१० चा फरक पडतो. ०.१० भागिले ०.४९ म्हणजे ०.२. निबंधाचा सगळा शोध या ०.२ वर उभा आहे! आणि जीएमआरटीच्या निबंधांत तीव्रतेची अनिश्चितता सर्रास १० टक्के धरली जाते.

तेव्हा तिला विचारायचे आहे ते एवढेच: मोजपट्टी कोणती लावली? ‘कासा’ या प्रणालीत तो निर्णय एका शब्दावर असतो.

```
setjy(vis='obs650.ms', field='3C286',
      standard='Perley-Butler 2017')

setjy(vis='obs650.ms', field='3C286',
      standard='Scaife-Heald 2012')
```

दोन्ही आज्ञा बिनतक्रार चालतात. मात्र दुसरी मोजपट्टी ३० ते ३०० मेगाहर्ट्झसाठी बांधलेली आहे आणि ६५० वर ती लावणे म्हणजे तिच्या मर्यादेबाहेर जाणे. दोन वारंवारतांना दोन वेगळ्या मोजपट्ट्या लागल्या असतील, तर निर्देशांकात काही टक्क्यांची चूक मिसळली आहे हे तिला दोन मिनिटांत कळेल. पण ही ओळ निबंधाच्या मजकुरात बहुधा नसते. ती कोडमध्ये असते, आणि कोडबद्दल निवेदनात अवाक्षर नाही. मूळ डेटा शंभर जीबीच्या घरात जाणारा आणि तिच्या लॅपटॉपला न पेलणारा. तिला खरोखर हवी असलेली वस्तू काही केबीची, आणि तीच गायब. ‘डेटा अर्काइव्हमध्ये आहे’ हे खरे विधान इथे अप्रामाणिक ठरते, कारण त्यातून वाचकाचा ग्रह असा होतो की निष्कर्ष तपासण्याची सोय केलेली आहे.

यावर नेहमीची हरकत येते: आमचा कोड घाणेरडा आहे, लाज वाटते. वाटू द्यावी. ज्या कोडवर निष्कर्ष प्रसिद्ध करताना लाज वाटली नाही, तो दाखवताना वाटणारी लाज उशिरा सुचलेली आहे. दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. एक प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी एवढ्याच बळावर चालणाऱ्या विद्यापीठीय विभागाने फाइली नीट लावून, टिपा लिहून, जतन करायच्या कधी? हे श्रम खरे आहेत आणि पदोन्नतीच्या गुणपत्रिकेत त्यांना जागा नाही. पण या हरकतीचे उत्तर देण्याची सक्ती नाही, खरे सांगण्याची सक्ती आहे, असेच आहे. ‘प्रतिमा काढण्याची स्क्रिप्ट दिली आहे, गोंगाट हाताने कापला, त्याची नोंद ठेवलेली नाही’ हे लिहायला अर्धे मिनिट लागते. त्या अर्ध्या मिनिटाने पुढच्या माणसाचे तीन आठवडे वाचतात, कारण कोणती पायरी हुबेहूब उतरणार नाही हे त्याला आधीच कळते.

बंधन असलेल्या डेटाचा प्रश्न वेगळा, आणि भिलाईच्या परिसरात तो कुणालाही कळेल. समजा, एखाद्या संशोधकाने पोलाद कारखान्याशी करार करून भट्टीच्या तापमानाच्या नोंदी मिळवल्या आणि त्यावर उष्णतावहनाचे प्रारूप तपासले. त्या नोंदी कारखान्याच्या मालकीच्या आहेत. त्या त्याने वाटू नयेत, हेच योग्य. पण मग ‘वाजवी विनंतीनंतर मिळेल’ हे वाक्य इथे सरळ खोटे आहे, कारण जी वस्तू आपली नाही ती देण्याचे ते वचन आहे. खरे निवेदन असे होईल: नोंदी अमुक कराराखाली मिळाल्या, मालकी कारखान्याची, त्या देण्याचा अधिकार लेखकांना नाही, परवानगी कारखान्याच्या अमुक विभागाकडे मागावी लागेल आणि ती मिळेलच असे नाही. प्रारूपाचा कोड मात्र लेखकांचा आहे, तो खुला आहे, आणि सोबत बनावट नोंदींची एक लहान फाइल आहे, जिच्यावर कोड चालवून पाहता येईल. ती फाइल बनावट आहे हे तिच्या नावातच लिहावे, नाहीतर दहा वर्षांनी कुणीतरी तिच्यावर निबंध लिहील.

भारत सरकारच्या २०१२ च्या राष्ट्रीय डेटा सामायिकीकरण धोरणात या तीन पायऱ्या तेव्हाच केलेल्या आहेत: सर्वांना खुले, नोंदणी करून मिळणारे, आणि बंधन असलेले. जीएमआरटीचे अर्काइव्ह दुसऱ्या प्रकारचे, कारखान्याच्या नोंदी तिसऱ्या प्रकारच्या म्हणता येतील. एवढी साधी वर्गवारी हाताशी असताना आपल्या निबंधांत मात्र सगळ्यांवर एकच शिक्का मारला जातो. आणि एक चौथा प्रकार आहे, ज्याला कोणत्याही धोरणात नाव नाही आणि ज्याची लेखकांना सर्वांत भीती वाटते: जे आता अस्तित्वातच नाही. शोधनानंतरच्या मधल्या फाइली जागेअभावी पुसल्या, जुना संगणक भंगारात गेला, निघून गेलेल्या विद्यार्थ्याची वही सापडत नाही. असे घडते, चांगल्या प्रयोगशाळांतही घडते. ‘या फाइली जतन केलेल्या नाहीत’ हे वाक्य छापलेले फारसे दिसत नाही. त्या वाक्याला शिक्षा होईल असे लेखकाला वाटते, आणि त्यात दोष परीक्षकांचाही आहे. ‘विनंतीनंतर मिळेल’ या वाक्यावर परीक्षक भुवई उंचावत नाहीत आणि ‘पुसले गेले’ या वाक्यावर तीन प्रश्न विचारतात. यातून ज्येष्ठ मंडळी तरुणांना नेमके काय शिकवतात, हे त्यांनीच ठरवावे.

आता त्या वर्णपटाच्या निबंधाचे निवेदन कसे असायला हवे होते, ते लिहूनच दाखवता येते.

“मूळ नोंदी जीएमआरटीच्या ऑनलाइन अर्काइव्हमध्ये निबंधात दिलेल्या प्रकल्प-संकेतांकाखाली आहेत. ४०० मेगाहर्ट्झच्या नोंदी आज नोंदणी करून मिळतात. ६५० मेगाहर्ट्झच्या नोंदींवर लेखकांचा हक्क निरीक्षणापासून १८ महिने आहे, तो अमुक तारखेला संपेल. दोन्ही अंतिम प्रतिमा, स्रोतांची यादी आणि आलेख ३ व ४ मधील संख्या झेनोडोवर अमुक डीओआयखाली खुल्या आहेत. शोधनाच्या व प्रतिमांच्या स्क्रिप्ट, वापरलेल्या प्रणालीच्या आवृत्ती-क्रमांकासह, त्याच ठिकाणी आहेत. ६५० मेगाहर्ट्झवर गोंगाटाचा काही भाग हाताने कापला. त्याची यादी जोडली आहे. ४०० मेगाहर्ट्झवरील अशी यादी जतन केलेली नाही, त्यामुळे ती प्रतिमा हुबेहूब पुन्हा मिळणार नाही.”

यात ‘विनंती’ हा शब्द एकदाही नाही. तारीख आहे, जागा आहे, आणि शेवटच्या वाक्यात एक कबुली आहे. झेनोडो हे नाव सहज आलेले नाही. जिनिव्हाजवळची सर्न संस्था ते चालवते, ते विनामूल्य आहे आणि तेथे ठेवलेल्या प्रत्येक संचाला कायमचा क्रमांक मिळतो. गिटहबवरचा दुवा तसा नसतो. खात्याचा मालक एका बटणाने तो पुसू शकतो किंवा निबंध छापल्यानंतर कोड गुपचूप बदलू शकतो. म्हणून निबंधाच्या वेळची प्रत गोठवावी आणि तिचा क्रमांक द्यावा. झेनोडोवर एका संचाला साधारणपणे ५० जीबीची मर्यादा असते, तेव्हा शंभर जीबीची मूळ नोंद तिथे मावणार नाही. ती अर्काइव्हमध्येच राहू द्यावी आणि तसे लिहावे. आवृत्ती-क्रमांक का, हे स्पॅमच्या उदाहरणावरून कळते. ती प्रणाली पायथन २ वर बांधलेली होती, आणि पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. कोड दिला, पण तो कशावर चालत होता हे लिहिले नाही, तर काही वर्षांनी हाती उरतो तो केवळ मजकूर.

संपादकांकडून यात एकच अपेक्षा आहे आणि तिला खर्च नाही. निबंध स्वीकारण्याच्या दिवशी निवेदनातील प्रत्येक दुवा ब्राउझरच्या खासगी खिडकीत, म्हणजे कुठेही लॉगिन नसताना, उघडून पाहावा. लेखकाच्या संगणकावर उघडणारे कितीतरी दुवे तिथे ‘प्रवेश नाही’ असे सांगतात, कारण संचाची परवानगी खासगीच राहिलेली असते. रिसालीतल्या विद्यार्थिनीला तो दुवा त्याच खिडकीतून दिसणार आहे. ‘विनंतीनंतर’ लिहिलेले असेल तर संपादकाने त्याच दिवशी, त्याच पत्त्यावर, तीच विनंती स्वतः करून पाहावी आणि उत्तर येईपर्यंत निबंध थांबवून ठेवावा.